नऊ दिवसांचा खंड, आठ वर्षांची पुण्याई

वाचकाचं पत्र

माझे वडील ६६ वर्षांचे, साताऱ्याला असतात. मी नोकरीसाठी पुण्यात. त्यांची पाच लाखांची आरोग्य पॉलिसी मार्च २०१७ पासून दरवर्षी न चुकता चालू होती, आजवर एकही क्लेम नाही. हप्ता माझ्या क्रेडिट कार्डावरून आपोआप जायचा. जानेवारीत बँकेने कार्ड बदलून दिलं आणि १४ मार्च २०२५ ला पॉलिसीची मुदत संपली, ते कुणाच्याच लक्षात आलं नाही. १९ तारखेला बाबांना चक्कर आली, एक रात्र दवाखान्यात ठेवावं लागलं. साखर ४१२ निघाली. मधुमेह आहे हे तेव्हाच पहिल्यांदा कळलं. बिल भरायच्या वेळी पॉलिसी संपल्याचं समजलं. आज २३ तारीख. एजंट म्हणतात, "ती मेली आता. नवीन काढू, हप्ताही कमी बसेल." मे महिन्यात बाबांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलंय. कंपनीला विनंती अर्ज केला तर माणुसकीच्या नात्याने हे नऊ दिवस माफ करतील का? आणि दवाखान्याचं सांगायचं की गप्प बसायचं?

— एक मुलगी, पुणे

उत्तर

सदर छापून येईपर्यंत थांबायला तुम्हाला वेळ नव्हता, म्हणून मोजकं उत्तर मी त्याच रात्री मेलवर पाठवलं होतं: एजंटना सांगा की नवीन पॉलिसीच्या प्रपोजल फॉर्मवर बाबांची सही घेऊ नका, आणि सोमवारी सकाळी जुन्याच पॉलिसी नंबरवर हप्ता भरायच्या मागे लागा. त्यामागचं कारण आता सविस्तर लिहितो. मार्चअखेरीस असं पत्र दरवर्षी कुणाचं ना कुणाचं येतंच.

आधी ती 'माणुसकी' बाजूला ठेवू. मी एका विमा कंपनीच्या अंडररायटिंग विभागात, म्हणजे कुणाला कोणत्या अटींवर विमा द्यायचा हे ठरवणाऱ्या विभागात, बरीच वर्षं काढली. सुरुवातीच्या काळात 'ब्रेक कंडोन करणे', म्हणजे पॉलिसीतला खंड माफ करणे, हा खरोखरच साहेबांच्या मर्जीचा मामला असे. पार्टी अर्ज घेऊन यायची, सोबत डॉक्टरचं 'प्रकृती ठणठणीत' असं सर्टिफिकेट, मग आम्ही फाईलवर टिपण लिहायचो आणि वरचे सही करायचे किंवा नाही करायचे. लोकांच्या डोक्यात अजून तेच चित्र आहे. पण २०१३ च्या आरोग्य विमा विनियमांपासून कंपन्यांवर बंधन आलं की नूतनीकरणाला ३० दिवसांपर्यंत उशीर झाला तर तो खंड धरायचा नाही. २०१६ च्या विनियमांत तेच राहिलं. २०२४ चे नवे विनियम आणि त्या वर्षीच्या मे महिन्यात विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने काढलेलं मास्टर परिपत्रक यांतही हे कायम आहे. याला 'ग्रेस पीरियड' म्हणतात. वार्षिक, सहामाही आणि तिमाही हप्त्यांना ३० दिवस, मासिक हप्त्याला १५ दिवस.

म्हणजे तुम्ही भीक मागायला जात नाही आहात. नवव्या दिवशी जुनी पॉलिसी चालू करून मागणं हा बाबांचा हक्क आहे आणि अर्जाची भाषाही तशीच हवी. वडिलांचं वय, तुमची धावपळ, आईचं दुखणं, यातलं काही लिहायची गरज नाही. त्याने साहेब हळहळतील, पण त्यांना निर्णय घ्यायला लागणारी गोष्ट एकच आहे: मुदत कधी संपली आणि पैसे कधी आले.

तेव्हा दिवस मोजू. पॉलिसी १४ मार्चच्या मध्यरात्री संपली. १५ मार्च हा पहिला दिवस धरला तर मार्चचे सतरा आणि एप्रिलचे तेरा, असे ३० दिवस १३ एप्रिलला भरतात. आता कॅलेंडर उघडा. १३ एप्रिल रविवार आहे. १२ ला दुसरा शनिवार. १० ला महावीर जयंतीची सुट्टी. ३१ मार्चला ईद, १ एप्रिलला बँकांचं वार्षिक काम. कागदावर तुमच्याकडे तीन आठवडे दिसतात, पण ऑफिसातला माणूस जागेवर सापडेल आणि काही अडलं तर दुरुस्त करता येईल असे दिवस फार थोडे आहेत. पैसे याच आठवड्यात जायला हवेत. उरलेला वेळ कागद तपासायला ठेवा.

आता एजंट म्हणतात ती नवीन पॉलिसी. हप्ता कमी बसेल हे खरंही असू शकेल. पण कमी हप्त्यात काय सोडून देतो आहोत ते बघा.

आरोग्य पॉलिसीत पहिल्या दिवसापासून सगळं मिळत नाही. पहिले ३० दिवस अपघात सोडून काहीच नाही. मोतीबिंदू, हर्निया, गुडघ्याचा सांधा बदलणं अशा ठरावीक आजारांना बहुतेक पॉलिसींत दोन वर्षं थांबावं लागतं. पॉलिसी घेण्याआधीपासून असलेल्या आजारांना जास्तीत जास्त तीन वर्षं. बाबांनी ही सगळी थांबणी, म्हणजे प्रतीक्षा काळ, २०२० सालापर्यंत किंवा त्याच्या पुढेमागे पार केली. त्यावर आणखी एक कवच आहे, त्याला मोरेटोरियम म्हणतात. सलग ६० महिने पॉलिसी चालू राहिली की 'तुम्ही अमुक आजार सांगितला नव्हता' असं कारण काढून कंपनीला क्लेम नाकारता येत नाही. सिद्ध झालेली फसवणूक एवढाच अपवाद. बाबांचे ९६ महिने झालेत. शिवाय क्लेम न केल्याबद्दल साठलेला बोनस. पॉलिसीवर तो किती दिसतो ते बघा. बऱ्याच पॉलिसींत तो पाच लाखांवर आणखी दोन-अडीच लाखांचं संरक्षण देतो.

नवीन पॉलिसी म्हणजे हे सगळं शून्यावर. मे महिन्यातला मोतीबिंदू तर खिशातूनच करावा लागेल, आणि डावा डोळाही त्याच रांगेत असेल. पण मला डोळ्यापेक्षा साखरेची काळजी जास्त वाटते.

१९ मार्चचा तो एक दिवस दोन्ही कागदांवर कसा दिसेल ते पाहा. नवीन पॉलिसी २५ मार्चला सुरू झाली, तर १९ मार्चला कळलेला मधुमेह हा त्या पॉलिसीच्या आधीचा आजार ठरतो. प्रपोजल फॉर्मवर तो लिहावाच लागेल. कंपनी तपासण्या करायला लावील, हप्ता वाढवील किंवा सरळ नाही म्हणेल. २०२४ पासून वयाच्या अटीवर कुणाला दारातून परत पाठवता येत नाही हे खरं, पण प्रकृती पाहून प्रपोजल नाकारायचा अधिकार कंपनीकडे आहेच. पॉलिसी मिळालीच तरी मधुमेह आणि त्यातून पुढे उद्भवणारं मूत्रपिंडाचं, पायाचं, हृदयाचं दुखणं तीन वर्षं वादात राहील. जुनी पॉलिसी सातत्याने चालू राहिली, तर तोच मधुमेह पॉलिसी सुरू झाल्यावर आठ वर्षांनी आढळलेला आजार आहे. त्याला आधीचा म्हणायला जागाच नाही. रक्त तेच, रिपोर्ट तोच, फक्त पॉलिसीच्या पहिल्या पानावरची एक तारीख वेगळी.

आता जिथे तुमची थोडी निराशा होणार आहे तो भाग. खंड माफ होतो याचा अर्थ खंडातल्या दिवसांचं संरक्षण मिळतं असा नाही. नियमात दोन वाक्यं शेजारी शेजारी आहेत: सातत्याचे लाभ जाणार नाहीत, आणि ज्या काळाचा हप्ता आलेला नाही त्या काळात संरक्षण देणं कंपनीवर बंधनकारक नाही. वार्षिक पॉलिसींच्या अटींत बहुतेक ठिकाणी 'ग्रेस पीरियडमध्ये संरक्षण नाही' असं स्वच्छ छापलेलं असतं. तेव्हा १९-२० मार्चचं दवाखान्याचं बिल मिळणार नाही. त्याचा क्लेम टाकूही नका. (हप्ता मासिक किंवा तिमाही तुकड्यांत भरणाऱ्यांचं वेगळं आहे. वर्षाच्या मधला एखादा तुकडा चुकला तर ग्रेसच्या दिवसांत त्यांचं संरक्षण चालू राहतं. २०२४ च्या परिपत्रकाने ते स्पष्ट केलं आहे.)

अशा वेळी दवाखान्यातल्या बिलिंगच्या खिडकीवर कुणीतरी हलक्या आवाजात सुचवतं, "पॉलिसी चालू करून घ्या, ॲडमिशनची तारीख आपण पुढची टाकू." तुम्हाला कुणी म्हटलं असेल तर ऐकून सोडून द्या. लॅबच्या रिपोर्टवर नमुना घेतल्याची वेळ छापलेली असते, औषधाच्या दुकानाच्या बिलावर तारीख असते, नर्सच्या तक्त्यावर रात्रीचे ताप-बीपी तासातासाला लिहिलेले असतात. तपासायला येणारा माणूस नेमके तेच कागद मागतो. आणि फसवणूक सिद्ध झाली की मोरेटोरियमचं कवचही गळून पडतं, म्हणजे एका रात्रीच्या बिलापायी आठ वर्षं जातात.

मग सांगायचं की नाही? नियम असा की विमारक्कम वाढवून मागितली नाही, तर नूतनीकरणाच्या वेळी कंपनीने नव्याने प्रकृतीची छाननी करायची नसते. म्हणून अर्जात तुम्ही होऊन दवाखान्याची कथा लिहायची गरज नाही. आणि या वर्षी विमारक्कम मात्र अजिबात वाढवून मागू नका. एजंट हमखास सुचवतील, "आता साखर निघाली आहे तर दहा लाखांची करून घेऊ." ते पुढच्या वर्षी बघू. पण काही कंपन्या मुदत उलटल्यावर 'गुड हेल्थ डिक्लरेशन' नावाचा एक पानी फॉर्म पुढे करतात. तो तुमच्यापुढे आला तर त्यात १९ मार्चची ॲडमिशन आणि मधुमेहाचं निदान सरळ लिहायचं, डिस्चार्ज समरी जोडायची. कोरा सोडायचा नाही आणि 'काही नाही' वर टिक तर मुळीच करायची नाही. फॉर्म एजंटने भरला तरी सही बाबांची असते.

आणखी एक बारीक कलम आहे. पुढे भांडण झालं तर ते त्यावरूनच होईल, म्हणून जरा थांबून सांगतो. काही पॉलिसींच्या अटींत असं वाक्य असतं: खंडाच्या काळात जडलेला आजार किंवा झालेली इजा यांचा खर्च मिळणार नाही. उद्या कुणी हुशार क्लेम अधिकारी म्हणेल, मधुमेह १९ मार्चला निघाला, १९ मार्च खंडात येतो, सबब मधुमेह बाद. इथे 'जडला' आणि 'कळला' यांतला फरक तुमच्या मदतीला येतो, आणि तो सिद्ध करणारा कागद बहुधा तुमच्याच फाईलमध्ये आहे. साखर इतकी वाढलेला पेशंट आला की दवाखाना एचबीए१सी ही तपासणी करतो. तिचा आकडा त्या दिवसाची साखर सांगत नाही, मागच्या साधारण तीन महिन्यांची सरासरी सांगतो. साडेसहा किंवा त्याहून वर म्हणजे मधुमेह. १९ मार्चला घेतलेल्या रक्तात तो आकडा आठ-नऊ आला असेल, तर साखर डिसेंबर-जानेवारीपासूनच चढलेली होती, म्हणजे पॉलिसी पूर्ण चालू असताना. चार दिवसांत एचबीए१सी नऊवर जात नाही. तो रिपोर्ट प्लास्टिकच्या कव्हरात घालून जपून ठेवा. केलाच नसेल तर या आठवड्यात करून घ्या, अजूनही तो मागचेच महिने दाखवील. आणि बाबांच्या डॉक्टरना विनंती करून दोन ओळी लिहून घ्या की रिपोर्ट पाहता आजार काही महिने आधीपासूनचा दिसतो. डॉक्टरना तसं वाटत असेल तरच अर्थात.

यावर कुणी विचारील, 'आधीपासूनचा' असं लिहून घेणं आपल्याच अंगलट येणार नाही का? नवीन पॉलिसी घेतली असती तर आलं असतं. जुन्या पॉलिसीत मोजणी २०१७ पासून आहे, त्यामुळे जानेवारी २०२५ हा काळ आपल्याच बाजूचा आहे.

आता प्रत्यक्ष काय करायचं. आधी कंपनीच्या संकेतस्थळावर जुना पॉलिसी नंबर टाकून नूतनीकरणाचं पान उघडतं का ते पाहा. बऱ्याच कंपन्यांचं ३० दिवस उघडं राहतं आणि काम तिथेच संपतं. 'एक्स्पायर्ड' असं लाल अक्षरांत आलं तरी घाबरू नका. तो संगणकाचा निरोप आहे, कंपनीचा निर्णय नाही. मग शाखेत जायचं, आणि फोनवर न बोलता लेखी द्यायचं. अर्ज साधारण असा:

> विषय: पॉलिसी क्र. ……… : ग्रेस पीरियडमध्ये नूतनीकरण व सातत्याचे लाभ कायम ठेवण्याबाबत (कंडोनेशन ऑफ डिले)
>
> महोदय, माझ्या वरील पॉलिसीची मुदत दि. १४/०३/२०२५ रोजी संपली. क्रेडिट कार्ड बदलल्यामुळे हप्ता आपोआप वळता झाला नाही. आज मुदत संपून ….. दिवस झाले असून मी ३० दिवसांच्या ग्रेस पीरियडमध्ये आहे. कृपया हप्ता स्वीकारून, प्रतीक्षा काळ, मोरेटोरियम व संचित बोनस यांचं दि. १५/०३/२०१७ पासूनचं सातत्य कायम ठेवून पॉलिसीचं नूतनीकरण करावं. विमारक्कम व योजना पूर्वीचीच ठेवावी. विनंती मान्य नसल्यास कारण लेखी कळवावं.

अर्ज बाबांच्या सहीचा, कारण पॉलिसी त्यांच्या नावावर आहे. शाखेतून दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का घ्या आणि तोच अर्ज कंपनीच्या ग्राहक सेवेच्या मेलवरही टाका. शेवटचं वाक्य काढू नका. तोंडी 'होत नाही' म्हणणारे बरेच असतात, तेच लेखी द्यायची वेळ आली की नियमाचं पुस्तक उघडतात.

पैसे चेकने देऊ नका. विमा कायद्याचं ६४ व्हीबी हे कलम सांगतं की हप्ता आधी आल्याशिवाय कंपनीने जोखीम घ्यायची नाही. चेक परत आला तर भरलाच नाही असं होतं, आणि ते कळेपर्यंत १३ एप्रिल उलटून गेलेला असेल. यूपीआय किंवा नेट बँकिंगने भरा आणि व्यवहाराचा क्रमांक, वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट ठेवा. पावती कंपनीची हवी, एजंटच्या व्हॉट्सॲपवरचा अंगठा चालत नाही. त्याच कलमात असंही आहे की एजंटने पॉलिसीधारकाकडून घेतलेला हप्ता, बँकेच्या आणि टपालाच्या सुट्ट्या सोडून, २४ तासांत कंपनीकडे जमा करायचा असतो. ज्यांनी मुदतीच्या आधी एजंटच्या हातात पैसे दिले आणि ते त्याच्या खिशात राहिले, त्यांनी उशिराची माफी मागूच नये. पैसे दिल्याचा पुरावा जोडून तक्रार करावी.

तुम्हाला कंपनीचाही राग आला असेल, आठवणही केली नाही म्हणून. तो अर्जात आणू नका. नूतनीकरणाची सूचना देण्याचा प्रयत्न करू, पण ती देणं बंधनकारक नाही, हे पॉलिसीच्या अटींतच लिहिलेलं असतं. शिवाय त्यांनी पाठवलीही असेल. बाबांचा फोन हातात घेऊन न वाचलेले मेसेज एकदा खाली सरकवा. कर्जाच्या आणि लॉटरीच्या गर्दीत तीन-चार तरी सापडतील. कार्ड बदललं की जुन्या कार्डावरचा मँडेट, म्हणजे हप्ता आपोआप कापायची परवानगी, नव्यावर आपोआप येतोच असं नाही, पुन्हा नोंदवावा लागतो. पैसे वळते होण्याआधी किमान २४ तास बँकेने मेसेज पाठवायचा असतो. या वर्षी तो आलाच नसेल, आणि न आलेला मेसेज कुणाच्या लक्षात येतो?

पॉलिसी आली की हुश्श करून कपाटात टाकू नका. नूतनीकरण झालं म्हणून सांगतात आणि हातात पडते ती नवीन पॉलिसी, हे मी कितीतरी वेळा पाहिलंय. पहिल्या पानावरचं शेड्यूल समोर ठेवा. बाबांच्या नावापुढे 'पहिल्यांदा विमा घेतल्याची तारीख' असा रकाना असतो, त्यात १५/०३/२०१७ दिसायला हवं. तिथे या वर्षीची तारीख असेल तर सातत्य गेलंय, मग बाकी पान कितीही छान दिसो. आधीच्या पॉलिसीचा नंबर छापलाय का, बोनस मागच्या वर्षीइतका तरी आहे का, प्रतीक्षा काळापुढे 'लागू नाही' किंवा शून्य आहे का, मधुमेहाच्या नावाने काही नवीन शेरा तर नाही, एवढं वाचा. मुदत कधीपासून सुरू होते तेही बघा. काही कंपन्या पैसे भरल्याच्या तारखेपासून वर्ष धरतात, काही १५ मार्चपासूनच धरतात. दोन्ही चालतं, खंडाचे दिवस दोन्हींत उघडेच राहतात, पण पुढच्या वर्षीची शेवटची तारीख त्यावर ठरते. काही चुकलं असेल तर त्याच दिवशी दुरुस्तीचा मेल करा. क्लेमच्या वेळी ही चूक दाखवली तर 'इतके महिने का गप्प होतात' हा प्रश्न पहिला येतो.

शाखेने ऐकलं नाहीच, तर कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा. त्याचा पत्ता पॉलिसीवरच असतो. सोबत आयआरडीएआयच्या 'बिमा भरोसा' पोर्टलवर नोंद करा, 155255 वर फोन करूनही ती करता येते. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. तिथे फी नाही, वकील लागत नाही, आणि लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. फक्त तोपर्यंत १३ एप्रिल तुमच्यासाठी थांबणार नाही. म्हणून कंपनी पैसे घेतच नसेल, तर मुदतीच्या आत 'मी हप्ता भरायला तयार होतो, तुम्ही घेतला नाही' हे मेलवर नोंदलेलं हवं. पुढची सगळी लढाई त्या मेलवर उभी राहते.

ज्यांचे ३० दिवस उलटून गेलेत त्यांच्यासाठी बातमी तेवढी चांगली नाही. एकतिसाव्या दिवसापासून हक्क संपतो आणि आमच्या जुन्या काळातली मर्जी सुरू होते. तरी अर्ज करावा, पण तिथे कारण आणि पुरावा दोन्ही लागतात: पॉलिसीधारक स्वतःच अतिदक्षता विभागात होता, पैसे खात्यातून गेले पण कंपनीकडे पोचले नाहीत, कंपनीनेच चुकीची तारीख कळवली. यातलं मधलं असेल तर बँकेचं स्टेटमेंट पुढे करा, कारण मग उशीर झाला की नाही हाच वाद आहे, माफीचा प्रश्नच नाही. असला अर्ज शाखेत अडकवू नका, प्रादेशिक किंवा मुख्य कार्यालयाच्या अंडररायटिंग विभागाकडे पाठवायला सांगा. आणि उत्तराची वाट पाहत घरातल्या माणसाला उघडं ठेवू नका. नकार येईलसं दिसलं तर सगळे आजार लिहून नवीन पॉलिसी लगेच घ्या, निदान अपघात आणि नव्या आजारांसाठी. अशा खंडानंतर दुसऱ्या कंपनीत पोर्ट करून सातत्य मिळवू असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. पोर्ट करायला पॉलिसी जिवंत लागते.

आणखी एका गोष्टीत लोक उगाच घाबरतात: मागे मोठा क्लेम झालाय, म्हणून कंपनी या उशिराचा फायदा घेऊन हात झटकील. क्लेम झाले म्हणून नूतनीकरण नाकारता येत नाही. २००१ साली एका मेडिक्लेमच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं की पॉलिसीधारकाशी जुना वाद होता या कारणावरून सरकारी कंपनीने नूतनीकरण नाकारणं मनमानी आहे. तुमच्या बाबांचा तर एकही क्लेम नाही.

राहिला मोतीबिंदू. दोन वर्षांची अट कधीच पार झाली आहे, तेव्हा सातत्य टिकलं तर मे महिन्यातलं ऑपरेशन पॉलिसीत बसतं. मोतीबिंदूला एका डोळ्यामागे अमुक रुपयांची मर्यादा बऱ्याच पॉलिसींत असते, ती आधी वाचा, म्हणजे लेन्स निवडताना घोळ होणार नाही. डोळ्यांचे डॉक्टर साखर आटोक्यात आल्याशिवाय बहुधा हात लावणार नाहीत, त्यामुळे तारीख थोडी पुढे गेली तर जाऊ द्या. कॅशलेसचा फॉर्म भरताना मधुमेह कधीपासून, या प्रश्नासमोर '१९ मार्च २०२५ रोजी निदान' असंच लिहायला सांगा. तिथे घाईत कुणी 'पाच वर्षांपासून' असं टाकून जातं आणि मग ते खोडता खोडता नाकी नऊ येतात. आणि शाखेत जालच, तर बाबांच्या पॉलिसीवर तुमचा मोबाईल नंबरही चढवून घ्या.